शिलाईच्या दुकानाची वेबसाइट: स्वतः बनवायची की डेव्हलपरला द्यायची?

माझ्या मावशीचं बेळगावात शहापूरला ब्लाऊज शिवण्याचं दुकान आहे. दोन शिलाई मशिनी, एक इंटरलॉक, कामाला दोन मुली. तुळशीचं लग्न झालं की लग्नसराई सुरू होते आणि मग दुकानात पाय ठेवायला जागा नसते. गिऱ्हाईक बेळगावचंच नाही, खानापूर आणि चंदगडकडूनही बायका साड्यांची पिशवी घेऊन येतात. गेल्या वर्षी एका डेव्हलपरने मावशीला वेबसाइटचा प्रस्ताव दिला. आठ पानं, ऑनलाइन ऑर्डर, ऑनलाइन पेमेंट, माप भरायचा फॉर्म, सगळं मिळून २२,००० रुपये आणि पुढे दरवर्षी ६,००० रुपये देखभालीचे. मावशीने तो कागद माझ्यासमोर ठेवला आणि म्हणाली, "बघ की जरा, एवढं लागतंय काय आपल्याला?"

त्या प्रश्नाचं उत्तर शोधताना जे केलं ते इथे क्रमाने लिहितो. तुमचं दुकान निपाणीत असो, चिकोडीत किंवा खानापुरात, क्रम हाच ठेवा. पायऱ्यांचा क्रम चुकला की पैसे जातात.

आधी पंधरा दिवस वही ठेवा

वेबसाइटचा विचार करण्याआधी आम्ही फोनशेजारी एक वही ठेवली. फोन आला की त्यात एवढंच लिहायचं: काय विचारलं? पंधरा दिवसांत नव्या गिऱ्हाइकांचे ४६ फोन आले. दुकान नेमकं कुठे आहे आणि आज चालू आहे का, हे १७ जणींनी विचारलं. अस्तराच्या ब्लाऊजची शिलाई किती, फॉल-पिको करता का, असे दराचे प्रश्न १४ जणींचे होते. अमुक तारखेला लग्न आहे, तोवर मिळेल का, हे ११ जणींनी विचारलं. उरलेले ४ फोन किरकोळ होते.

ऑनलाइन पैसे भरता येतील का, असं एकीनेही विचारलं नाही. घरबसल्या माप पाठवते, असंही कोणी म्हणालं नाही. हे साहजिक आहे. साडीतला ब्लाऊजपीस कापायच्या आधी कापड हातात यावं लागतं आणि मापाचा ब्लाऊज सोबत लागतो. फॉर्ममध्ये बाईने स्वतः टेप लावून भरलेल्या छातीच्या मापावर कटोरी ब्लाऊज बेतणं म्हणजे कापड वाया घालवणं. शिवाय बायकांची मापं कुठल्यातरी वेबसाइटवर साठवून ठेवण्याची जबाबदारी आपण का घ्यावी? माप भरायचा फॉर्म मी त्या प्रस्तावातून पहिल्यांदा खोडला.

वहीतल्या ४६ पैकी ४२ प्रश्नांची उत्तरं एका पानावर मावतात. त्यासाठी डेव्हलपर लागत नाही. तुमच्या वहीत वेगळे प्रश्न निघाले तर निर्णयही वेगळा होईल, म्हणून वही आधी.

खातं दुकानाचं, दुकानदाराच्या फोनवर

दुसरी पायरी पाच मिनिटांची आहे, पण पुढचं सगळं तिच्यावर उभं राहतं. दुकानाच्या नावाने नवं जीमेल खातं उघडा. पासवर्ड दुकानदाराने ठरवायचा, रिकव्हरीसाठी नंबर दुकानदाराचाच द्यायचा. भाच्याचा किंवा कामाला असलेल्या मुलीचा नंबर नको. गूगलवरचं दुकान, वेबसाइट आणि डोमेन म्हणजे वेबसाइटचा पत्ता, तिन्ही याच खात्यावर घ्यायची.

मी यावर इतका जोर देतो, कारण आमच्याच नात्यातल्या एका शिलाई दुकानाचं झालेलं पाहिलं आहे. वेबसाइट करून देणाऱ्याने डोमेन स्वतःच्या मेलवर घेतलं होतं. दोन वर्षांनी त्याने तो धंदा सोडला, नंबर बदलला. डोमेनची मुदत संपल्याची सूचना त्याच्या मेलवर गेली आणि वेबसाइट बंद पडली. पाकिटावर, पावतीवर, रिक्षामागच्या जाहिरातीवर तोच पत्ता छापलेला होता. साइट पुन्हा बनवता आली असती, पण तो पत्ता परत मागायला हातात काहीच नव्हतं.

गूगलवर दुकान उभं करणं

वहीतले १७ फोन म्हणजे पत्ता आणि वेळ. याचं उत्तर वेबसाइटपेक्षा गूगल बिझनेस प्रोफाइल चांगलं देतं. मॅपवर दुकानाचं नाव, फोटो, वेळ आणि फोनचं बटण दिसतं, ते हेच. त्याला पैसे लागत नाहीत. वेबसाइट करायची असो वा नसो, हे आधी करा.

नाव फलकावर आहे तेच टाका. नावाला 'बेस्ट लेडीज टेलर बेळगाव' असं शेपूट जोडायचा मोह होतो. गूगलच्या नियमात ते बसत नाही आणि त्यामुळे प्रोफाइल बंदही होऊ शकतं. प्रकार निवडताना टेलर हा मुख्य ठेवा, आणि जुने कपडे घट्ट-सैल करण्याचं कामही घेत असाल तर तो दुसरा प्रकार जोडा. मॅपवरची खूण बोटाने सरकवून बरोबर दुकानाच्या दारावर आणा. आमची खूण सुरुवातीला मागच्या गल्लीत पडली होती, आणि गिऱ्हाईक त्या गल्लीत उभं राहून फोन करायचं.

त्यानंतर गूगल पडताळणी मागतं. हल्ली बहुतेक वेळा व्हिडिओ मागितला जातो. तो किमान ३० सेकंदांचा, मध्ये न तोडता, फोनवर त्याच वेळी काढलेला हवा. आम्ही असा काढला: रस्ता आणि शेजारची दुकानं, मग आपला फलक, मग मावशी किल्लीने शटर उघडते, मग आत मशिनी, कापायचं टेबल, टांगलेले तयार ब्लाऊज, शेवटी पावतीपुस्तक. दुकान खरं आहे आणि ते चालवणारी तुम्हीच आहात, हे दोन्ही दिसायला हवं. पहिला व्हिडिओ नाकारला गेला, कारण फलक अंधारात होता. दुसऱ्या दिवशी सकाळी दहाच्या उजेडात काढलेला मंजूर झाला. घरातूनच शिवत असाल आणि बाहेर फलक नसेल, तर घरचा पत्ता लपवून फक्त भागांची नावं द्यायची सोय आहे, ती वापरा.

वेळ भरताना सुट्टीचा वार आणि दुपारी बंद असण्याचा वेळ खरा लिहा. गणपती, दिवाळी, गावची जत्रा, या दिवसांच्या वेळा वेगळ्या भरता येतात. चंदगडहून एसटीने आलेली बाई बंद शटर पाहून परत गेली तर ती पुन्हा येत नाही.

डोमेन स्वतः घ्या

आता कोणी म्हणेल, गूगलवर दुकान आलं, मग वेबसाइट कशाला? पूर्वी गूगल स्वतःच या प्रोफाइलमधून एक फुकट वेबसाइट देत असे. अनेक लहान दुकानदारांनी तीच पाकिटावर छापली होती. मार्च २०२४ मध्ये गूगलने त्या सगळ्या वेबसाइट बंद केल्या. दुसऱ्याच्या जागेवरचा पत्ता मालकाच्या मर्जीवर असतो. डोमेन आपलं असलं तर आत वेबसाइट कशाने बनवली आहे हे पुढे बदलता येतं, पत्ता तोच राहतो.

नाव छोटं घ्या आणि आधी परीक्षा घ्या. ते नाव तीन जणींना फोनवर सांगा आणि इंग्रजीत टाइप करायला लावा. तिघींनी तीन तऱ्हेने लिहिलं तर ते नाव सोडा. आमच्या मनातल्या पहिल्या नावात 'श' होता. एकीने `sh` लिहिलं, दोघींनी नुसता `s`. गावाचं नाव डोमेनमध्ये घालू नका असं माझं मत आहे, कारण १ नोव्हेंबर २०१४ पासून इंग्रजीतलं अधिकृत नाव `Belagavi` असलं, तरी अर्धे लोक अजून `Belgaum` टाइप करतात. डोमेनमध्ये एकच स्पेलिंग मावतं. पानावरच्या मजकुरात मात्र दोन्ही यायला हवीत, त्याकडे पुढे येतो.

विकत घेताना पहिल्या वर्षाचा मोठ्या अक्षरातला दर पाहू नका, नूतनीकरणाचा दर पाहा. पहिल्या वर्षी शेदोनशेला मिळणारं डोमेन दुसऱ्या वर्षी कित्येक पट महाग असू शकतं. त्यावर १८ टक्के जीएसटी वेगळा लागतो. कार्टमध्ये होस्टिंग म्हणजे वेबसाइट ठेवायची जागा, ईमेल, सुरक्षा असं बरंच आपोआप जोडलेलं असतं, ते काढून फक्त डोमेन ठेवा. नोंदणी दुकानाच्या त्या जीमेलवर करा. पडताळणीचा मेल आला की त्याच दिवशी त्यातल्या लिंकवर क्लिक करा.

पान बनवणं

साइट बिल्डर म्हणजे कोड न लिहिता, चौकटी ओढून-सोडून पान बनवायचं साधन. विक्स, वर्डप्रेस डॉट कॉम, गूगल साइट्स ही त्यातली माहितीची नावं. निवडताना मी दोनच गोष्टी पाहिल्या: स्वतःचं डोमेन जोडायला किती पैसे लागतात, आणि उद्या सोडून जायचं झालं तर काय हाती येतं. विक्सच्या फुकट योजनेत स्वतःचं डोमेन जोडता येत नाही आणि पानावर त्यांची जाहिरात दिसते. तिथे बनवलेली साइट उचलून दुसरीकडे नेताही येत नाही. वर्डप्रेसमधून मजकूर बाहेर काढता येतो, पण ते शिकायला वेळ लागतो. गूगल साइट्स फुकट आहे, त्याला स्वतःचं डोमेन जोडता येतं आणि मावशीला ते एका दुपारी जमलं. सजावट त्यात फारशी करता येत नाही आणि पैसे घ्यायची सोय नाही. आमच्या वहीला दोन्हीची गरज नव्हती.

डोमेन जोडताना साइटच्या सेटिंगमध्ये कस्टम डोमेनचा पर्याय आहे. तिथे आधी डोमेन तुमचंच आहे याची पडताळणी होते, मग डोमेन जिथून घेतलं तिथे डीएनएसमध्ये, म्हणजे तो पत्ता कोणत्या साइटकडे न्यायचा हे ठरवणाऱ्या सेटिंगमध्ये, ही एक नोंद करायची:

```
Type:  CNAME
Name:  www
Value: ghs.googlehosted.com
```

बदल लागू व्हायला कधी तासभर लागतो, कधी दोन दिवस. इथे एक हमखास चूक होते. साइट `www` लावून उघडते, पण `www` न लावता टाइप केलं की उघडत नाही. दुकानदार स्वतः नेहमी लिंकवरून जातो म्हणून त्याला कळत नाही, आणि गिऱ्हाईक मात्र पाकिटावरचं नाव `www` शिवायच टाइप करतं. डोमेनच्या खात्यात फॉरवर्डिंगचा पर्याय असतो, त्यात साधा पत्ता `www` च्या पत्त्याकडे वळवा. मग दुसऱ्याच कोणाच्या तरी फोनवर, वायफाय बंद करून, दोन्ही तऱ्हेने उघडून पाहा.

पानावर सगळ्यात वर दुकानाचं नाव, गल्लीची ओळखीची खूण, आणि फोन व व्हॉट्सअॅपची दोन मोठी बटणं. व्हॉट्सअॅपच्या बटणाला अशी लिंक द्या:

```
https://wa.me/91XXXXXXXXXX?text=Blouse%20shivaycha%20aahe
```

`91` च्या आधी अधिकचं चिन्ह नको, नंबराच्या आधी शून्य नको, मध्ये मोकळी जागा नको. यातलं काही चुकलं तर व्हॉट्सअॅप नंबर चुकीचा असल्याचं सांगतं. शेवटचा मजकूर गिऱ्हाइकाच्या फोनवर आधीच टाइप होऊन येतो, त्यामुळे निरोप वेबसाइटवरून आला हे मावशीला लगेच कळतं.

त्याखाली दर. इथे मावशी बिचकली होती. "दर लिहिलं की समोरचं दुकान दहा रुपये कमी लावतंय बघ." शेवटी आम्ही लिहिले, आणि माझ्या मते लिहायलाच हवेत, कारण वहीत १४ फोन त्याचेच होते. साधा ब्लाऊज २५०, अस्तराचा ४५०, प्रिन्सेस कट अस्तरासह ६००, फॉल-पिको वेगळं. आरी वर्कचा दर लिहिला नाही, कारण तो नक्षीवर ठरतो. तिथे 'नमुना दाखवा, मग दर सांगू' एवढंच आहे. दरांखाली कोणत्या महिन्यापासूनचे, ते लिहिलं. नाहीतर दोन वर्षांनी कोणीतरी जुना दर दाखवून भांडायला येतं.

मग मुदत. 'वेळेवर मिळेल' या वाक्याला अर्थ नाही. 'एरवी ८ दिवस, लग्नसराईत २० दिवस, ट्रायल घेतल्याशिवाय आरी वर्कचा ब्लाऊज देत नाही' असं लिहिल्यावर तारखेचे फोन कमी झाले. जे आले ते वाचून आलेले होते, त्यामुळे बोलणं दोन मिनिटांत संपायचं.

फोटोंना मात्र वेळ द्या. बायका पाठीचा गळा आधी बघतात, म्हणून प्रत्येक ब्लाऊजचे दोन फोटो काढा: पाठ पूर्ण, आणि लटकन किंवा पायपिंग जवळून. खिडकीच्या उजेडात, डमीवर, मागे एकरंगी चादर लावून. ट्यूबलाइटखाली जांभळी इरकल निळी दिसते आणि मग गिऱ्हाईक रंगावरून वाद घालतं. गिऱ्हाइकाने घातलेल्या ब्लाऊजचा फोटो तिला विचारल्याशिवाय टाकू नका, चेहरा कापला तरीही. लहान गावात साडीवरून माणूस ओळखू येतं. इंटरनेटवरून उचललेले फोटो तर नकोतच, कारण तो फोटो दाखवून तसाच ब्लाऊज मागणारी बाई येणारच आहे. फोनमधला फोटो तीन-चार एमबीचा असतो. तो साधारण १,२०० पिक्सेल रुंदीचा करून टाकला की खेड्यातल्या कमकुवत नेटवरही पान लवकर उघडतं. आम्ही बारा फोटो ठेवले, तेवढे पुरले.

तीन भाषा

आपल्या भागात हा प्रश्न टाळता येत नाही. मावशीचं निम्मं गिऱ्हाईक कन्नड बोलतं. एकाच पानावर तिन्ही भाषा एकाखाली एक रचल्या तर कोणालाच नीट वाचता येत नाही. म्हणून मराठी, कन्नड आणि इंग्रजी अशी तीन छोटी पानं केली आणि वर तिन्ही भाषांची नावं त्या-त्या लिपीत लिहिली.

कन्नड पानासाठी आधी यंत्राकडून भाषांतर काढलं आणि मावशीच्या एका नेहमीच्या कन्नड गिऱ्हाइकाला वाचायला दिलं. त्यांनी अर्धं खोडलं. अस्तराला पुस्तकी शब्द आला होता, तो काढून त्यांनी सरळ लायनिंग लिहिलं. फॉल-पिकोचं तर भलतंच काही झालं होतं. तुमच्याकडे कपडे शिवून घेणाऱ्या एखाद्या कन्नड शिक्षिकेला विचारा, तासाभराचं काम आहे. इंग्रजी पान मुख्यतः शोधणाऱ्यांसाठी आहे. त्यात एका वाक्यात `Belagavi` आणि दुसऱ्यात `Belgaum` सहज येऊ द्या, गल्लीचं आणि शहापूरचं नावही. तेच नाव, तोच पत्ता आणि तोच फोन गूगलच्या प्रोफाइलवरही अक्षरशः तसाच हवा.

पान तयार झालं की गूगल प्रोफाइलमध्ये वेबसाइटच्या रकान्यात तो पत्ता टाका. एवढं सगळं दोन रविवार आणि डोमेनचे पैसे यांत झालं.

डेव्हलपर केव्हा बोलवायचा

तो प्रस्ताव देणारा डेव्हलपर वाईट नव्हता. त्याचं काम मावशीच्या दुकानाला लागत नव्हतं, एवढंच. माझ्या ओळखीचं दुसरं एक दुकान शाळांचे गणवेश शिवतं. तिथे जूनच्या आधी चार-पाच शाळांची यादी येते: इयत्ता, मुलगा की मुलगी, साइज, नग, आणि मधेच बदल. हे कागदावर आणि व्हॉट्सअॅपवर सांभाळताना दरवर्षी पन्नासेक नग चुकीच्या साइजचे शिवले जायचे. तिथे डेव्हलपरकडून शाळेला लॉगिन, साइजनिहाय आकडे भरायचा तक्ता आणि शेवटच्या तारखेनंतर बदल बंद, एवढं करून घेतलं. हे बिल्डरमध्ये नीट होत नाही, आणि वाचलेल्या कापडात त्याचे पैसे निघाले.

असं काम देताना बोली कागदावर हवी, आणि ती शिलाईच्या पावतीसारखी नेमकी हवी. डोमेन आणि होस्टिंग दुकानाच्या मेलवर, दुकानाच्या पैशांनी. काय काय बनणार ते एकेक लिहून, आणि काय बनणार नाही तेही. पैसे तीन टप्प्यांत: सुरुवातीला ३० टक्के, आपल्या फोनवर चालवून पाहिल्यावर ४०, आणि सगळे पासवर्ड व बॅकअपची फाइल हाती आल्यावर ३०. वार्षिक देखभाल म्हणजे नक्की काय, हे विचारा. महिन्यातून किती बदल, किती दिवसांत, बॅकअप कुठे? "सगळं बघतो की" हे उत्तर असेल तर ते ६,००० रुपये कशाचे, हे पुढेही कळणार नाही.

काम ताब्यात घेताना त्याच्यासमोर बसून तपासा. डोमेनच्या खात्यात स्वतः लॉगिन करा. नोंदणीतला मेल आपला आहे का पाहा. मुदतीची तारीख `registry.in` वर `.in` डोमेन शोधूनही दिसते. मग एक दर स्वतः बदलून, तो साइटवर बदलला का ते पाहा. डोमेन आधीच दुसऱ्याच्या नावावर असेल तर भांडण न करता आत्ताच मागा. दुकानाच्या नावाने खातं उघडून ठेवा आणि त्याच्याकडून ट्रान्सफरचा कोड घ्या. मुदत संपायच्या तोंडावर हे करू नका, दोन-तीन महिने हाताशी ठेवा.

पावतीवरचा एक रकाना

साइट चालते की नाही हे भेटींच्या आकड्यावरून कळत नाही. मावशीने पावतीपुस्तकात नाव, माप, तारीख यांच्या पुढे एक छोटा रकाना वाढवला: कुठून कळलं? त्यात ओळखीतून, मॅपवरून, वेबसाइटवरून किंवा फलक पाहून, यांपैकी एक अक्षर. पहिल्या तीन महिन्यांत ८८ नवी गिऱ्हाइकं आली. ओळखीतून ४९, मॅपवरून २४, वेबसाइटवरून ९, फलक पाहून ६. मॅपवरून आलेल्यांपैकी बऱ्याच जणींनी पुढे वेबसाइटवरचे दर पाहिले होते, असं त्यांच्या बोलण्यातून कळलं. वेबसाइटचे ९ पाहून मावशी हिरमुसली, पण त्यातल्या दोघी लग्नाच्या होत्या. त्यांनी घरातल्या सगळ्यांचे मिळून ३१ ब्लाऊज दिले.

आता पुढच्या कार्तिकाआधी वेबसाइटवरची लग्नसराईची मुदत २० वरून २५ दिवस करायची आहे, कारण यंदा तीन ब्लाऊज उशिरा गेले. ते मावशी स्वतःच करणार आहे.